नोंदवहीत न येणारा मार

अरुणा शानबाग हे नाव आपल्याकडे इच्छामरणाच्या खटल्यामुळे ओळखले जाते. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला आणि देशभर चर्चा झाली ती जगण्या-मरण्याच्या हक्काची. पण त्या निकालापर्यंत जे घडत गेले, त्याची सुरुवात झाली होती एका परिचारिकेवर तिच्या कामाच्या ठिकाणी झालेल्या हल्ल्याने. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्यूटी संपवून अरुणा तळघरात कपडे बदलायला गेल्या. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध सापडल्या. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेली हानी कधीच भरून आली नाही. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन झाले, तोवर जवळजवळ 42 वर्षे केईएमच्या परिचारिकांनी, एकीने दुसरीकडे सोपवत, त्यांना सांभाळले.

हे प्रकरण नोकरीच्या ठिकाणची हिंसा म्हणून वाचले, तर तीन गोष्टी दिसतात. परिचारिकांना कपडे बदलायला एकाकी तळघरात जावे लागत होते, म्हणजे जागाच असुरक्षित होती. हल्लेखोर बाहेरचा गुंड नव्हता, रोज समोर येणारा सहकारी होता. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. खटला उभा राहिला तो हल्ला आणि चोरीचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही आणि गुन्हेगार सात वर्षांची शिक्षा भोगून बाहेर पडला. जे कागदावर आले नाही, त्याची शिक्षाही झाली नाही.

कायदे आता बदलले आहेत, वॉर्डातली सवय मात्र फारशी बदललेली नाही. कुणी सिस्टरचा हात पिरगाळला, कुणी अंगावर औषधाचा ट्रे फेकला, कुणी घाणेरडे बोलले, तर पुढच्या पाळीला ओव्हर देताना ते तोंडी सांगितले जाते आणि तिथेच संपते. ‘रोजचंच आहे, लिहून काय होणार?’ हे वाक्य कुठल्याही सरकारी किंवा खासगी रुग्णालयात ऐकू येईल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. परिचारिकांवरची हिंसा बहुतेक वेळा आधी सूचना देऊन येते, आणि त्या सूचना वाचायला शिकण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे लहान लहान घटनांची नोंद.

मारणारा कोण, त्यावर उपाय ठरतो

वर्तमानपत्रात बातमी येते ती नातेवाइकांच्या जमावाने केलेल्या तोडफोडीची. त्यामुळे परिचारिकेवरचा हल्ला म्हटले की तेच चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हिंसा तीन वाटांनी येते.

पहिली वाट खुद्द रुग्णाची. ताप मेंदूत गेलेला, साखर एकदम उतरलेला, दारू सुटल्याने भ्रमात गेलेला, स्मृतिभ्रंश झालेला किंवा मनोविकाराच्या तीव्र अवस्थेतला रुग्ण मारतो, चावतो, ओरबाडतो. त्याला आपण काय करतो आहोत याचे भान नसते. दुसरी वाट नातेवाइकांची. ते शुद्धीवर असतात, पण घाबरलेले, थकलेले, कधी प्यालेले असतात आणि कुणी नीट सांगत नाही म्हणून चिडलेले असतात. तिसरी वाट आतली, म्हणजे सहकारी, वरिष्ठ, डॉक्टर. यात मारहाण क्वचित होते. अपमान, धमकी आणि लैंगिक छळ मात्र बराच होतो.

या तिन्हींना एकच उपाय लावला की तो तिन्ही ठिकाणी फसतो. भ्रमातल्या रुग्णावर पोलिसी कारवाई करून काही साधत नाही, त्याला औषधोपचार हवा असतो. चिडलेल्या नातेवाइकाला झोपेचे औषध देता येत नाही, त्याला माहिती हवी असते आणि हद्द ओलांडलीच तर कायदा दाखवावा लागतो. लैंगिक छळ करणाऱ्या सहकाऱ्याच्या बाबतीत दाराशी उभ्या सुरक्षारक्षकाचा काही उपयोग नाही, तिथे समिती आणि चौकशी लागते. म्हणून कुठलीही घटना लिहिताना पहिला प्रश्न हाच असावा, की हा मार कुठल्या वाटेने आला?

तिसऱ्या रात्रीचा रुग्ण

पहिल्या वाटेचे एक उदाहरण तपशिलात पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण अस्थिरोग वॉर्डात नाईट केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

पंचेचाळिशीचा एक माणूस मोटरसायकलवरून पडला, मांडीचे हाड मोडले आणि सोमवारी संध्याकाळी तो दाखल झाला. पायाला वजन लावून ठेवले आहे, शस्त्रक्रिया गुरुवारी. तो रोज दारू पितो. दाखल करताना तसे कुणी विचारले नाही, आणि लाज वाटल्यामुळे बायकोनेही सांगितले नाही. मंगळवारी त्याचे हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. दुखण्यामुळे असेल, असे सगळे समजतात. बुधवारी रात्री चाळीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर आणि एक मामा आहेत. आठ वाजता तो जेवणाचे ताट ढकलून देतो. साडेअकराला आपण घरी आहोत असे समजून मुलाला हाका मारू लागतो, चादरीवरचे न दिसणारे किडे झटकतो, मोठमोठ्याने ओरडतो. दोन वाजता तो सलाईन उपटून पायाचे वजन सोडवायला लागतो. थांबवायला वाकलेल्या सिस्टरच्या तोंडावर त्याची मूठ बसते.

सकाळी वॉर्डात बोलले जाईल की ‘पेशंटने अचानक मारलं’. यात अचानक असे काहीच नव्हते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली की काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रमाचा झटका येतो. त्यात नाडी व रक्तदाब वाढतो, भास होतात, आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणजे बुधवारची रात्र सोमवारीच कळू शकली असती. त्यासाठी दाखल करताना एकच प्रश्न विचारायचा होता, ‘दारू घेता का, आणि शेवटची केव्हा घेतली?’ तो रागावून न विचारता, औषधांची ॲलर्जी विचारतो तितक्याच सहजपणे विचारला, तर बहुतेक लोक खरे सांगतात. उत्तर मिळाले असते तर मंगळवारच्या थरथरीचा अर्थ लागला असता आणि डॉक्टरांनी थायमिन व झटका रोखणारी औषधे वेळेवर सुरू केली असती.

बुधवारी रात्रीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. नॉर्वेतल्या ब्रॉसेट इथल्या मनोरुग्णालयातल्या अनुभवावरून तयार झालेली सहा प्रश्नांची एक छोटी यादी जगभरच्या वॉर्डांत वापरली जाते. रुग्ण गोंधळलेला आहे का, चिडचिडा झाला आहे का, आरडाओरडा करतो आहे का, तोंडी धमकी देतो आहे का, अंगावर येण्याचा आविर्भाव करतो आहे का, वस्तूंवर राग काढतो आहे का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळे वागणेच मोजायचे. शून्य आले तर धोका कमी, एक किंवा दोन आले तर सावध राहायचे, आणि त्याहून जास्त आले तर पुढच्या 24 तासांत हिंसा होण्याची शक्यता मोठी, तेव्हा ताबडतोब पावले उचलायची. यादी भरायला मिनिटभर लागतो आणि ती प्रत्येक पाळीत भरायची असते.

आपल्या रुग्णाला लावून पाहा. आठ वाजता ताट ढकलले, चिडचिड दिसली, म्हणजे दोन गुण. इथेच दोघी सिस्टरनी एकमेकींना सांगायला हवे होते. साडेअकराला गोंधळ आणि आरडाओरडा जमेस धरून चार. या क्षणी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन जायला हवा होता. फोनवर ‘पेशंट त्रास देतोय’ असे सांगितले तर डॉक्टर ‘बघतो’ म्हणतात. ‘तिसरा दिवस आहे, भास होताहेत, नाडी इतकी आहे, रोजची दारू आहे’ असे सांगितले तर ते उठून येतात. दोन वाजताची मूठ चुकवायला अडीच तास हातात होते.

तेवढ्यातही रुग्ण खवळलाच, तर अंगावरचा धोका कमी करायच्या काही साध्या रीती आहेत. त्याच्याजवळ एकटीने जायचे नाही. दोन हातांच्या अंतरावर, समोर न राहता जरा बाजूला, आणि आपला बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवून उभे राहायचे. गळ्यातला स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची दोरी काढून ठेवायची, कारण तीच पकडून ओढली जाते. कात्री, सुया, सलाईनचा सुटा स्टँड दूर करायचा. एकानेच बोलायचे, हळू, लहान वाक्यांत, त्याचे नाव घेऊन. आणि तो मारायच्या बेतात असेल तर सलाईन वाचवायला वाकायचे नाही. सलाईन पुन्हा लावता येते. या शेवटच्या गोष्टीवर प्रशिक्षणात सर्वांत जास्त भर द्यावा लागतो, कारण रुग्णाला आधी वाचवायचे हे परिचारिकेच्या अंगात मुरलेले असते.

दाराबाहेरचा राग

दुसरी वाट नातेवाइकांची. इथे हिंसेच्या मुळाशी अनेकदा वाट पाहणे असते, आणि त्याहून जास्त असते ते काही न कळणे. अपघात विभागात माणसे तासन्‌तास उभी असतात. आपल्या माणसाला आत नेले, पुढे काय चालले आहे, आपल्यामागून आलेल्याला आधी का घेतले, हे कुणी सांगत नाही. डॉक्टर आत गुंतलेले असतात. दाराशी जी पांढऱ्या कपड्यांतली व्यक्ती सापडते ती सिस्टर असते. जो निर्णय तिने घेतलेला नाही, त्याचा राग तिच्यावर निघतो.

ब्रिटनमध्ये डिझाइन कौन्सिलने नेमक्या याच मुळावर काम केले. लंडन आणि साउथॅम्प्टनच्या दोन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत भिंतींवर ठळक पट्ट्या लावल्या. तुम्ही आत्ता कुठल्या टप्प्यावर आहात, पुढे काय होणार, त्याला वेळ का लागतो, आणि आलेल्या क्रमाने नव्हे तर आजाराच्या गांभीर्याने का घेतले जाते, हे त्यांवर साध्या भाषेत लिहिले होते. पाहणीत धमकावणारे आणि आक्रमक वागणे निम्म्याने कमी झालेले दिसले. फक्त लोकांना काय चालले आहे ते सांगितले गेले.

आपल्याकडे भिंतीवरचा मजकूर सगळ्यांना वाचता येईल असे नाही आणि गर्दीही कितीतरी जास्त असते. तरी तत्त्व तेच राहते. प्रत्येक पाळीत नातेवाइकांशी बोलायला एक ठरलेला माणूस असावा, त्याने ठरावीक वेळाने बाहेर येऊन सांगावे, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी ‘अजून तपासणी चालू आहे’ एवढे तरी सांगावे. वाईट बातमी डॉक्टरांनीच, बसवून, शक्य तर बंद खोलीत सांगावी. मृत्यूची बातमी सिस्टरवर ढकलणे ही आपल्या रुग्णालयांतली जुनी खोड आहे आणि पुढचा उद्रेक बरेचदा तिथूनच होतो. पास पाहून एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक आत सोडण्याचा नियम कडक वाटतो, पण वीस जण खाटेभोवती जमले की त्यातला एक जण भडकायला पुरतो. आणि सुरक्षारक्षक मुख्य फाटकावर असून भागत नाही, रात्री तो वॉर्डच्या दाराशी, हाकेच्या अंतरावर लागतो.

काय लिहायचे, कुठे लिहायचे

ज्युडिथ अर्नेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालय-समूहात कर्मचाऱ्यांना विचारले. वर्षभरात हिंसा सोसलेल्यांपैकी 88 टक्के लोकांनी रुग्णालयाच्या अधिकृत प्रणालीत त्याची नोंदच केली नव्हती. तिथे संगणकावर तयार अर्ज होता, तरीही. इजा मोठी नव्हती, रुग्ण आजारी होता, लिहून काही होत नाही, आणि लिहिले तर आपल्यालाच विचारतील की तू काय केलेस? जगात कुठेही परिचारिकांना विचारा, न लिहिण्याची हीच कारणे ऐकू येतात. शेवटचे कारण सर्वांत खरे आहे. घटनेनंतर मेट्रनचा किंवा साहेबांचा पहिला प्रश्न ‘तुम्ही नीट बोलला नसाल’ असा आला, की तो वॉर्ड पुढे वर्षभर काही लिहीत नाही.

लिहिताना विशेषणे टाळावीत, वागणे लिहावे. ‘नातेवाईक उद्धट, दारू प्यालेला’ या नोंदीला वकील दोन मिनिटांत मोडीत काढतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘रात्री 1.20 वाजता खाट क्र. 14 च्या रुग्णाच्या भावाने, इंजेक्शनला उशीर का झाला असे विचारून, माझा उजवा दंड धरून मला ढकलले. मी औषधांच्या कपाटावर आदळले. दंडावर वळ आहेत. त्या वेळी वॉर्डात दुसऱ्या सिस्टर आणि मामा हजर होते. 1.30 ला ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवले.’ वेळ, जागा, शब्द, कृती, इजा, साक्षीदार आणि कुणाला कळवले. एवढे त्याच पाळीत, आठवण ताजी असताना, स्वतःच्या हाताने लिहावे. रुग्णाच्या वागण्याचा भाग त्याच्या केसपेपरवरही लिहावा, म्हणजे पुढच्या पाळीला आणि डॉक्टरांना तो दिसेल.

दुसरा कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जखमी सिस्टर रोज दुसऱ्यांच्या एमएलसीची कागदपत्रे हाताळते, पण स्वतःची करून घेत नाही. वळ दोन-चार दिवसांत जातात. म्हणून अपघात विभागात रीतसर तपासणी करून वैद्यकीय-कायदेशीर नोंद घ्यावी, इजेचे फोटो ठेवावेत आणि सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी राखून ठेवा असे लेखी कळवावे.

तिसरा कागद पोलिसांचा. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांवरच्या हिंसेला प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा आहे. त्यात डॉक्टरांबरोबर नोंदणीकृत परिचारिका, नर्सिंगचे विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारीही येतात. केवळ मारहाणच नव्हे, तर धमकावणे आणि कामात अडथळा आणणे हेही त्यात धरले आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नासधूस केलेल्या मालमत्तेच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. सरकारी रुग्णालयात असाल तर लोकसेवकावरच्या हल्ल्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम 132 ही लागू शकते. ठाण्यावर फिर्याद देताना 2010 च्या कायद्याचे नाव आवर्जून घ्यावे, कारण किरकोळ मारहाणीचे कलम लावून प्रकरण मिटवण्याकडे कल असतो.

फिर्याद कुणी द्यायची, हा वादाचा मुद्दा. जखमी सिस्टर एकटी ठाण्यावर गेली, तर उद्या तोच नातेवाईक तिला बसस्टॉपवर गाठू शकतो. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या खुनानंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने केंद्रीय रुग्णालये व वैद्यकीय संस्थांना दिलेल्या सूचनेत सांगितले की ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेच्या नावाने गुन्हा नोंदवावा. या सूचनेतली मोलाची गोष्ट म्हणजे जबाबदारी कुणाची ते तिने स्पष्ट केले. प्रत्येक लहान-मोठ्या रुग्णालयाने हा नियम आपला म्हणून लिहून घ्यायला हवा. फिर्यादी रुग्णालय असेल, सिस्टर साक्षीदार असेल.

भ्रमातल्या रुग्णाने मारले तर काय? माझ्या मते तिथे पोलिसी फिर्यादीची गरज बहुधा नसते, पण अंतर्गत नोंद मात्र टाळायची नाही. ती रुग्णाला दोष देण्यासाठी नसते, तर दाखल करताना दारूचा प्रश्न का विचारला गेला नाही, हे शोधण्यासाठी असते.

आणि तिसरी वाट, आतल्या छळाची. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात रुग्णालये आणि नर्सिंग होम यांचा कामाचे ठिकाण म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान नर्सिंग होमसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची, आणि सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही सुरक्षित वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे हाच कायदा सांगतो. म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकाने अंगलट केली तरी ‘तो आमचा कर्मचारी नाही’ असे म्हणून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत.

मार खाल्ल्यानंतरचे तास

मार बसल्यावर बहुतेक सिस्टर तोंड धुऊन उरलेली औषधे वाटायला जातात. दुसरी कुणी नसतेच, आणि आपण ‘नाजूक’ ठरू नये असेही वाटते. आधाराची सुरुवात इथूनच व्हायला हवी. इन्चार्जने त्या पाळीपुरते तिला रुग्णसेवेतून मोकळे करावे, शेजारच्या वॉर्डातून कुणाला बोलवावे. रुग्ण चावला असेल आणि रक्ताचा संपर्क आला असेल, किंवा झटापटीत वापरलेली सुई टोचली असेल, तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. कावीळ-बी ची लस झाली आहे का, हेही तेव्हाच तपासावे. रात्र असेल तर तिला एकटीने घरी पाठवू नये. रजा लागली तर ती तिच्या आजारपणाच्या रजेतून कापून घेऊ नये, कारण इजा कामावर झाली आहे.

मनाच्या बाबतीत एक गैरसमज आहे. मोठ्या प्रसंगानंतर सगळ्यांना एकत्र बसवून काय घडले ते सविस्तर सांगायला लावले की मन मोकळे होते, असे पुष्कळांना वाटते. अशा एकाच बैठकीच्या सत्रांचा अभ्यास झाला आहे. त्यातून पुढचा मानसिक आजार टळत नाही असे दिसले, काही अभ्यासांत तर अपाय आढळला. उपयोगी ठरते ते साधे काम: तिला सुरक्षित ठेवणे, घरच्यांना कळवणे, बोलायचे असेल तर ऐकणे, नसेल तर आग्रह न करणे, आणि दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा विचारपूस करणे. ही विचारपूस वरिष्ठांपेक्षा त्याच कामातल्या अनुभवी सिस्टरने केली तर जास्त मोकळेपणाने बोलले जाते.

सुरुवातीचे काही दिवस झोप न येणे, दचकणे, त्याच खोलीशी गेल्यावर धडधड होणे हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे हळूहळू ओसरते. महिना उलटूनही प्रसंग स्वप्नात किंवा डोळ्यांपुढे येत राहिला, त्या वॉर्डाची ड्यूटी टाळण्यासाठी सुट्ट्या पडू लागल्या, माणूस घरातल्यांवर चिडू लागला किंवा बधिर झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला उशीर करू नये. ते रुग्णालयाच्या खर्चाने, आणि शक्यतो रुग्णालयाबाहेरच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे वॉर्डात चर्चा होणार नाही. वॉर्ड बदलून हवा आहे का, हेही तिलाच विचारावे. न विचारता तिची बदली केली, तर तिला आणि पाहणाऱ्या सगळ्यांना ती शिक्षाच वाटते.

लिहिलेल्याचा उपयोग

‘लिहून काय होणार?’ या प्रश्नाचे एक चांगले उत्तर पुन्हा अर्नेट्झ यांच्याच कामातून मिळते. त्यांनी त्या रुग्णालय-समूहातल्या सुमारे चाळीस विभागांचे दोन गट केले. एका गटातल्या प्रत्येक विभागाच्या प्रमुखांना त्यांच्याच विभागाची हिंसेची आकडेवारी दाखवली: कुणी मारले, कुठल्या वेळी, कुठल्या कामाच्या वेळी. तपासनिसाने त्यांच्याबरोबर विभागाची पाहणी केली आणि आपल्या विभागापुरती उपाययोजना त्यांनाच लिहायला सांगितली. दुसरा गट नेहमीसारखा चालू ठेवला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या हिंसक घटनांचे प्रमाण दुसऱ्याच्या साधारण निम्म्यावर होते, आणि दोन वर्षांनी हिंसेतून होणाऱ्या दुखापतींचे प्रमाणही बरेच कमी दिसले. उपाय विभागागणिक वेगळे होते, कारण प्रत्येक विभागाचा मारही वेगळा होता.

हे आपल्याकडे करायला महागडी यंत्रणा लागत नाही. वॉर्डात एक नोंदवही, महिन्यातून एकदा इन्चार्ज, एक डॉक्टर, सुरक्षाप्रमुख आणि दोन स्टाफ नर्स यांची पाऊण तासाची बैठक, आणि त्या बैठकीतून दर वेळी एक बदल. तीन महिन्यांच्या नोंदी वाचल्या की कळते की अस्थिरोग वॉर्डात दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री घटना जास्त आहेत, मग दारूचा प्रश्न प्रवेश-कागदावर छापून घेता येतो. बालरोग विभागात भेटीची वेळ संपवताना भांडणे होतात असे दिसले, तर त्या अर्ध्या तासाला रक्षक तिथे उभा करता येतो. कुणा एका सहकाऱ्याचे नाव वेगवेगळ्या नोंदींत पुन्हा पुन्हा आले, तर चौकशी हल्ल्याआधी करता येते. हे फक्त तेव्हाच शक्य आहे, जेव्हा पिरगाळलेला हात आणि ऐकवलेली शिवी दोन्ही कागदावर असतात.

एक गोष्ट व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवली पाहिजे. अशी वही सुरू झाली की पहिल्या काही महिन्यांत घटनांचा आकडा वाढेल. तो पाहून अधीक्षक घाबरतील, ‘आमच्याकडेच इतके कसे?’ म्हणतील, आणि तिथेच वही बंद करण्याचा मोह होईल. तो आकडा हिंसा वाढल्याचा नसतो, आजवर गिळलेले आता सांगितले जात असल्याचा असतो. बघायचे असेल तर दुसरा आकडा बघावा: किती घटनांत इजा झाली आणि किती शिवीगाळीवरच थांबल्या. वर्षभरात नोंदी तेवढ्याच राहिल्या किंवा वाढल्या आणि त्यांतल्या दुखापती घटल्या, तर समजावे की वॉर्ड वेळेआधी जागा होतो आहे. आणि नोंदी एकदम शून्यावर आल्या, तर त्या रुग्णालयाने आनंद मानू नये. परिचारिकांना लिहायची भीती पुन्हा कुणी घातली, ते आधी शोधावे.